भिंतीच्या पायातल्या पायऱ्या

जुने लोडबेअरिंग घर पाडताना जेसीबीचा दात जोत्याखाली गेला की एक गोष्ट उघडी पडते, जी घरात पन्नास वर्षे राहिलेल्यांनीही पाहिलेली नसते. जमिनीच्या वर नऊ इंचांची सरळ दिसणारी भिंत खाली जाता जाता रुंद होत गेलेली असते. आधी थोडी, मग आणखी थोडी, अगदी उलट्या जिन्यासारखी. सगळ्यात खाली काँक्रीटचा एक रुंद पट्टा असतो आणि त्याखाली मुरूम. हे पाहणाऱ्याला वाटते, गवंड्याने पाया मजबूत व्हावा म्हणून जाड भिंत बांधली. तसे नसते. जाडी वाढवण्याचा हेतू भिंत बळकट करणे हा नसून तिचे वजन पसरवणे हा आहे, आणि ते किती व कसे पसरवायचे याचे साधे गणित त्या पायऱ्यांत दडलेले असते.

कॉलम-बीमच्या घरात वजन मोजक्या खांबांतून खाली येते. लोडबेअरिंग घरात तसे खांब नसतात. स्लॅबचे वजन भिंतीवर येते आणि भिंत ते आपल्या संपूर्ण लांबीतून जमिनीत सोडते. म्हणून तिचा पायाही भिंतीच्या लांबीइतकाच लांब असतो, चराच्या तळाशी अंथरलेल्या पट्टीसारखा. अभियंते त्याला स्ट्रिप फुटिंग म्हणतात. त्याचा हिशेब करताना सोय अशी, की भिंतीचा फक्त एक मीटर लांबीचा तुकडा विचारात घेतला तरी पुरते. इमारतीच्या साइटवर त्याला रनिंग मीटर म्हणतात.

समजा, तळमजला आणि वर एक मजला असे साधे घर आहे. मधोमध नऊ इंची, म्हणजे 23 सेंटिमीटर जाडीची भिंत आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर रुंद खोल्या आहेत. दोन्ही खोल्यांचे स्लॅब या भिंतीवर टेकतात. प्रत्येक स्लॅबचा अर्धा भार मधल्या भिंतीवर आणि अर्धा बाहेरच्या भिंतीवर जातो. म्हणजे मधल्या भिंतीच्या प्रत्येक मीटरवर दीड आणि दीड मिळून तीन चौरस मीटर स्लॅब बसला.

पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 310 किलो असते. त्यावर फरशी आणि खालचा बेड मिळून शंभरेक किलो. माणसे, कपाटे, पलंग यांच्यासाठी घरात दर चौरस मीटरला 200 किलो धरण्याची पद्धत आहे. एकूण झाले सहाशे किलो. गच्चीवर माणसांचा भार कमी धरतात, पण ब्रिकबॅट कोब्याचे वजन वाढते, म्हणून तिथे साडेसहाशे. तीन चौरस मीटरला दोन्ही स्लॅबचे मिळून पावणेचार टन झाले. दोन मजल्यांची सहा मीटर उंच भिंत, प्लास्टरसह, आणखी तीन टन. जोते, पाया आणि काँक्रीट यांचे स्वतःचे वजन सव्वा टनाच्या आसपास. बेरीज आठ टन.

म्हणजे भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा आठ टन वजन घेऊन जमिनीवर उभा राहतो. भिंत तशीच 23 सेंटिमीटर रुंदीने जमिनीवर टेकवली तर तिच्याखाली दर चौरस मीटरला जवळजवळ 35 टन दाब येईल. विटेला या दाबाचे काही वाटत नाही, चांगली वीट याच्या कितीतरी पट दाब सोसते. प्रश्न मातीचा आहे. घट्ट चिकणमाती सुरक्षितपणे दहा-बारा टनांच्या आसपास पेलते, मऊ आणि ओली असेल तर त्याच्या निम्मेही नाही. आता हे आठ टन 76 सेंटिमीटर रुंदीवर पसरवले, तर दाब साडेदहा टनांवर येतो. वजन तेच राहते, रुंदी तिप्पट होते आणि दाब तिसऱ्या हिश्शावर येतो. स्ट्रिप फुटिंगचे सगळे काम एवढेच.

हा 76 चा आकडा हवेतून आलेला नाही. भारतातल्या बांधकाम पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या एक ठोकताळा चालत आला आहे. भिंतीच्या जाडीची दुप्पट करा आणि त्यात दोन्ही बाजूंना काँक्रीटचे सहा-सहा इंच मिळवा. 23 ची दुप्पट 46, अधिक 30, झाले 76. साध्या दुमजली घराला आणि ठीकठाक जमिनीला तो चपखल बसतो, हे आपण वरच्या हिशेबात पाहिलेच. पण तो जमिनीची चौकशी करत नाही, ही त्याची खोड. त्याच भिंतीला सहा टनांची मऊ माती मिळाली तर रुंदी 1.33 मीटर लागेल. आणि वीस टनांचा कडक मुरूम मिळाला तर 40 सेंटिमीटर पुरतील. तरीही मुरमात कोणी 40 सेंटिमीटरचा चर खोदत नाही, कारण त्यात उतरून गवंड्याला वाकता येत नाही. चांगल्या जमिनीवर पायाची रुंदी पुष्कळदा माती ठरवत नाही, गवंड्याचे अंग ठरवते.

आता पायऱ्यांकडे. रुंदी 23 वरून 76 वर न्यायचीच आहे, तर एकदम का नाही? चराच्या तळाशी 76 सेंटिमीटर रुंदीचा विटांचा एकच थर द्यावा आणि त्यावर भिंत उभारावी. तसे केले तर काय होईल, ते चिक्कीच्या वडीवर कळते. वडी टेबलाच्या कडेवर ठेवून बाहेर आलेला भाग दाबला की ती कडेच्या रेषेवर तुटते. पायातही हेच घडते, फक्त उलट बाजूने. भिंतीचे वजन खाली येते आणि जमीन तेवढ्याच जोराने वर रेटते. भिंतीच्या बाहेर आलेला भाग जमीन वर उचलू पाहते. त्यामुळे त्या भागाचा तळ ताणला जातो. विटेचे बांधकाम दाब भरपूर सोसते, पण ताण जवळजवळ सोसत नाही. तळाशी, बरोबर भिंतीच्या कडेच्या रेषेत, चीर पडते आणि बाहेरचा भाग सुटून पडतो. मग 76 सेंटिमीटरचा पाया कागदावर राहतो आणि आठ टन पुन्हा 23 सेंटिमीटरवर येतात.

यावर दोन उपाय आहेत. बाहेर आलेला भाग कमी करायचा, किंवा त्याची उंची वाढवायची. जाडी दुप्पट केली की वाकण्यासमोरचे बळ चौपट होते. पायऱ्या हे दोन्ही एकत्र करतात. प्रत्येक पायरी थोडीशीच बाहेर येते आणि तिच्यावर पुरेशी उंची असते. भार जणू एका तिरप्या रेषेतून खाली उतरतो आणि त्या रेषेच्या आत असलेल्या विटांना ताण जाणवत नाही. भारतीय मानकाच्या नियमात विटांच्या बांधकामासाठी ही रेषा ठरलेली आहे. एक एकक आडवे जायचे तर किमान दोन एकके खाली जायला हवे. साध्या काँक्रीटला थोडी सवलत आहे. तिथे एकास एक, म्हणजे 45 अंश चालतात.

वीट हेच मोजमाप असल्याने पायरी किती बाहेर काढायची हेही वीटच ठरवते. नऊ इंची विटेचा चौथा भाग म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे 57 मिलिमीटर. यापेक्षा जास्त बाहेर काढली तर विटेचा मागचा भाग भिंतीखाली पुरेसा अडकत नाही आणि ती पुढे कलू लागते. वीट आणि मसाला मिळून एक थर साडेआठ सेंटिमीटरचा होतो. एकाच थरावर 57 मिलिमीटर बाहेर आलो तर रेषा नियमापेक्षा चपटी होते. दोन थरांवर तेवढेच बाहेर आलो तर सतरा सेंटिमीटर खाली जाऊन पावणेसहा आडवे, म्हणजे सुखरूप. म्हणून प्रत्येक पायरी दोन थरांची ठेवतात.

आपल्या घराचा पाया वरून खाली वाचला तर असा दिसतो. भिंत 23 सेंटिमीटर. जोत्यापाशी ती दोन्ही बाजूंना पाव वीट वाढून साडेचौतीस होते. त्याच जाडीने जमिनीत उतरते आणि चराच्या तळाजवळ आणखी पाव-पाव वीट वाढून 46 होते. त्याखाली दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर जास्त रुंदीचा काँक्रीटचा पट्टा. काँक्रीट पंधरा बाहेर आले म्हणून त्याची जाडीही किमान पंधरा. एकास एक. बहुतेक साइटवर पीसीसीची जाडी विचारली तर सहा इंच हे उत्तर तोंडपाठ मिळते. ते सहा इंच बाहेर आलेल्या सहा इंचांशी बांधलेले आहेत, हे मात्र क्वचितच कोणाला माहीत असते. काँक्रीट नऊ इंच बाहेर काढून जाडी सहाच ठेवली की चिक्की तुटायची पूर्ण सोय झाली.

बांधताना एक बारकावा महत्त्वाचा. पायऱ्यांच्या थरात विटा भिंतीच्या लांबीत लावत नाहीत, तर जाडीत आत घुसतील अशा लावतात. बाहेर विटेचे छोटे तोंड दिसते आणि तिचा उरलेला मोठा भाग वरच्या भिंतीखाली दाबला जातो. त्यामुळे बाहेर आलेल्या पाव विटेला मागून पाऊण विटेचे वजन धरून ठेवते. लांबीत लावली तर बाहेरच्या रांगेला मागे धरणारे फारसे काही उरत नाही आणि ती मसाल्याच्या सांध्यावर लटकते. पायातल्या विटा जमिनीत गाडल्या जाणार म्हणून दुय्यम प्रतीच्या वापरण्याचा मोह ठेकेदाराला होतो. खरे तर ओल आणि क्षार यांच्याशी सर्वाधिक सामना याच विटांना करावा लागतो.

हे सगळे जिथे कायद्यात बसवले गेले ते शहर म्हणजे लंडन. 1894 च्या लंडन बिल्डिंग ॲक्टमध्ये पायाविषयी नियम होता, की भिंतीचा पाया प्रत्येक बाजूला भिंतीच्या निम्म्या जाडीइतका तरी बाहेर यावा आणि त्याची उंची भिंतीच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश असावी. नऊ इंची भिंतीला हा नियम लावून पाहिला तर पाया अठरा इंच रुंद आणि सहा इंच उंच होतो. सहा इंचांत तीन-तीन इंचांचे दोन थर, प्रत्येक थरात सव्वादोन इंचांची पायरी. साडेतेरा इंची भिंतीला नऊ इंचांत तीन थर, अठरा इंची भिंतीला बारा इंचांत चार. कायदा करणाऱ्यांनी जणू वीट हातात धरूनच तो लिहिला होता. त्यांची रेषा आजच्या भारतीय नियमापेक्षा चपटी आहे. एका थरावर पाव वीट बाहेर. तरीही ती घरे उभी राहिली, कारण साध्या घरांचे भार बेताचे होते आणि नियमांत नेहमी थोडी सैल जागा राहते.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विटांच्या पायऱ्या हळूहळू मागे पडल्या. सिमेंट स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर जाड काँक्रीटचा एकच पट्टा सोपा पडू लागला. आपल्या उदाहरणातही काँक्रीट भिंतीच्या कडेपासून साडेसव्वीस सेंटिमीटर बाहेर न्यायचे, तर तेवढ्याच जाडीचा पट्टा घालून पायऱ्या वगळता येतात. पायऱ्या म्हणजे महाग काँक्रीट वाचवण्यासाठी स्वस्त विटा वापरण्याची युक्ती होती. महाराष्ट्रात मात्र ही युक्ती विटेपेक्षा दगडात जास्त दिसते. देशावर काळा दगड हाताशी असल्याने जोत्यापर्यंतचा पाया दगडीच आणि कोकणात जांभ्याचा. दगड ओबडधोबड असल्याने पायऱ्या मोठ्या होतात, पण तिरप्या रेषेचे तत्त्व तेच.

पायऱ्या संपल्या, भार मातीत शिरला. तिथे गोष्ट संपत नाही. दाब जमिनीत कांद्याच्या पाकळ्यांसारखा पसरत खाली कमी कमी होत जातो. लांब पट्टीखाली तो कमी व्हायलाही वेळ लागतो, कारण तो फक्त दोन बाजूंनी पसरू शकतो, चारी बाजूंनी नाही. चौकोनी फुटिंगखाली रुंदीच्या दुप्पट खोलीवर दाब दहाव्या हिश्शावर येतो. पट्टीखाली तितक्याच खोलीवर तो अजून तीस टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या 76 सेंटिमीटरच्या पट्टीखाली दीड मीटर खोल गेलो तरी साडेदहापैकी तीनेक टन उरतात.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. चराच्या तळाला कडक मुरूम लागला म्हणून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या घरमालकाला त्या मुरमाखाली काय आहे ते माहीत नसते. मुरूम फूटभर जाडीचा पापुद्रा असेल आणि खाली मऊ भराव किंवा जुना बुजवलेला ओढा असेल, तर त्या तीन टनांनीही तो बसू शकतो. म्हणून अनुभवी अभियंता चराच्या एका कोपऱ्यात आणखी दीड मीटर खड्डा घ्यायला सांगतो. तो खड्डा घराच्या बाहेरच्या बाजूला घ्यावा आणि नंतर काँक्रीटने भरावा. पायाखालीच खोदून माती टाकून बुजवला तर तपासणीनेच मऊ जागा तयार केली असे होते.

चर खोदल्यावर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फक्की मारून खोदलेल्या चराचा तळ पावसाने किंवा पाण्याने एकदा मऊ झाला की त्याची ताकद गेली. म्हणून शेवटचे चार-सहा इंच आधी खोदत नाहीत, काँक्रीट टाकायच्या दिवशी खोदतात. मग तळ थोडा ओला करून धुमसाने ठोकतात. ठोकताना कुठे पोकळ आवाज आला किंवा धुमस रुतला, तर तेवढी माती काढून जागा कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरतात, मातीने नव्हे. भारतीय मानकानुसार पाया जमिनीखाली किमान पन्नास सेंटिमीटर तरी हवा. देशावर तीन फूट खोल जाण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण वरच्या मातीत झाडांची मुळे, उंदरांची बिळे आणि पावसाची उघडझाप असते. पायाच्या बाजूची मातीही कामाची असते. खाली दाबलेली माती बाजूने वर उचलली जाऊ नये म्हणून तिचे वजन दडपण ठेवते. पाया भरून झाल्यावर दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचांच्या थरांत ठोकून भराव केला नाही, तर हे दडपणही नीट राहत नाही आणि पहिल्या पावसात चरात पाणी साचते.

गावात आणि शहरात सर्वाधिक दिसणारी चूक मात्र मातीची नाही, हद्दीची असते. प्लॉट अरुंद, भिंत अगदी हद्दीवर हवी, आणि पायाच्या पायऱ्या शेजाऱ्याच्या जमिनीत नेता येत नाहीत. मग गवंडी बाहेरच्या बाजूला पायाची सरळ कड ठेवतो आणि सगळी रुंदी आतल्या बाजूला काढतो. रुंदी 76 च राहिली, म्हणून काम झाले असे वाटते.

हिशेब वेगळे सांगतो. बाहेरच्या भिंतीला स्लॅब एकाच बाजूने असल्याने तिचे वजन रनिंग मीटरला सहा टन धरू. पायाच्या मधोमध असती तर 76 सेंटिमीटरवर दाब आठ टनांच्या आत आला असता. आता भिंत पायाच्या एका कडेला आहे. तिच्या वजनाची रेषा त्या कडेपासून फक्त साडेअकरा सेंटिमीटर आत आहे. जमीन फक्त वर रेटू शकते, खाली ओढू शकत नाही, म्हणून ती या रेषेभोवती तोल साधेल इतक्याच भागावर दाब देते. तो भाग तिप्पट अंतराचा, साडेचौतीस सेंटिमीटर. उरलेली चाळीसहून जास्त सेंटिमीटर रुंदी जमिनीवर नुसती टेकलेली, काम काहीच करत नाही. आणि कामात असलेल्या भागातही दाब एकसारखा नसतो, बाहेरच्या कडेला सर्वाधिक असतो. तिथे तो दर चौरस मीटरला 35 टनांच्या जवळ जातो. पाया न करता भिंत थेट टेकवली असती तर 26 टन आले असते. एवढी रुंदी घालून कडेवरचा दाब त्याहून जास्त.

प्रत्यक्षात आडव्या भिंती आणि स्लॅब या भिंतीला थोडे धरून ठेवतात, म्हणून अशी घरे लगेच कोलमडत नाहीत. पण मऊ मातीत ती बाहेर कलतात. कोपऱ्यावर आडवी भिंत आणि बाहेरची भिंत जिथे मिळतात तिथे उभी फट पडते, वर रुंद आणि खाली बारीक. उपाय दोनच. भिंत हद्दीपासून पायाच्या निम्म्या रुंदीइतकी आत घ्यावी, किंवा आरसीसीचा बीम टाकून बाहेरच्या भिंतीचा तोल आतल्या भिंतीच्या वजनाने साधावा. दुसऱ्या उपायासाठी अभियंता लागतो, पहिल्यासाठी फूटभर जमीन सोडायची तयारी. बहुतेकांना यातला पहिला उपायच जास्त महाग वाटतो.

काळ्या मातीत तर पायऱ्यांचे सगळे तर्कशास्त्र उलटे पडते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुगताना ती वर जो जोर लावते तो पुष्कळदा एका-दोन मजली घराच्या दाबाहून जास्त असतो. आता पाया रुंद केला की दाब कमी होतो, हे आपण पाहिले. पण दाब जितका कमी, तितके माती पायाला वर उचलणे सोपे. म्हणजे बसण्याच्या भीतीने पाया रुंद करावा, तर उचलण्याची शक्यता वाढते. शिवाय घराखालची माती झाकलेली असल्याने तिच्यात ओल टिकते आणि कडेची माती उन्हात वाळते. उन्हाळ्यात बाहेरच्या भिंती खाली बसतात, मधला भाग वर राहतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. जून-जुलैत तेच तडे मिटतात. तडे ऋतूनुसार उघडत-मिटत असतील, तर दोष काळ्या मातीचा असण्याची शक्यता मोठी.

इंग्लंडनेही हाच धडा घेतला. लंडनची चिकणमातीही आकसते-फुगते. 1976 च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या उथळ पायाच्या जुन्या विटांच्या घरांना मोठ्या प्रमाणावर तडे गेले. घर खचण्याचा विमा तिथे काही वर्षे आधी, 1971 मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे दाव्यांचा पूर लोटला. मोठ्या झाडांजवळच्या घरांचा त्रास जास्त होता, कारण मुळे मातीतली ओल शोषतात. विटांच्या पायऱ्या नियमाप्रमाणे होत्या, पण ज्या खोलीपर्यंत माती वाळते त्याच्या वरच त्या संपत होत्या.

भारतात यावर दोन वेगळ्या वाटा शोधल्या गेल्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या लहान काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. ते खांब खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातात, जिथे ऋतूचा फरक पोहोचत नाही, आणि भिंती त्यांच्यावरच्या बीमवर उभ्या राहतात. दुसरी वाट मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवली. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मुरमाचा जाड थर घट्ट दाबून घातला, तर तो खालच्या मातीचा फुगवटा आवरतो. ही कल्पना त्यांनी विशेषतः कालव्यांच्या कामासाठी मांडली, नंतर ती इतर बांधकामांतही वापरली गेली. या दोन्ही वाटांत भर पसरवण्यावर नाही, खाली जाण्यावर किंवा मातीच बदलण्यावर आहे.

घर उभे राहिल्यावर पाया दिसत नाही, पण तडे बोलतात. प्लास्टरवरचे केसासारखे बारीक जाळे पायाचे नसते, ते प्लास्टर सुकल्याने पडते. पायाचा तडा विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने तिरपा जातो आणि त्याची रुंदी एकसारखी नसते. वर रुंद आणि खाली बारीक असेल, तर भिंतीचे टोक खचते आहे. खाली रुंद आणि वर बारीक असेल, तर मधला भाग बसतो आहे. तडा जुना आहे की चालू, हे पाहण्यासाठी त्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना मसाल्याने चिकटवून तारीख लिहून ठेवतात. काच फुटली, तर हालचाल चालू आहे. ती कोणत्या महिन्यात फुटली, यावरून काळ्या मातीचा अंदाज येतो. पण निदान फक्त काचेवर सोडू नये. शेजारी गळकी नळाची लाइन किंवा शोषखड्डा असेल, तर आधी ते पाहावे.

उत्तर हवे असेल तर शेवटी पाया उघडावाच लागतो. तड्याजवळ भिंतीलगत मीटरभर लांबीचा खड्डा घेतात, त्याहून लांब नाही, कारण पाया एकदम उघडा करणे म्हणजे बाजूच्या मातीचे दडपण काढून घेणे. खड्ड्यात पायऱ्या मोजता येतात, काँक्रीटची जाडी कळते, पायाखालची माती हातात येते. पाया अपुरा निघाला तर त्याखाली नवा पाया घालता येतो, पण तोही तुकड्यातुकड्याने. मीटर-सव्वा मीटरचा एक तुकडा खोदायचा, खोलवरच्या चांगल्या जमिनीवर काँक्रीट भरायचे, मधले दोन तुकडे सोडून पुढचा घ्यायचा, आणि आधीचा घट्ट झाल्याशिवाय लगतचा उघडायचा नाही. नव्या काँक्रीटचा माथा जुन्या पायाच्या तळापर्यंत भरत नाहीत, मध्ये अडीच-तीन इंच जागा मुद्दाम सोडतात. काँक्रीट सुकून थोडे आकसले की त्या जागेत जवळजवळ कोरडा मसाला लाकडी ठोकळ्याने ठासून भरतात. शेवटचा थर ठोकताना हातोड्याचा आवाज बदलून भरीव येऊ लागतो, तेव्हा गवंडी थांबतो. जुनी भिंत नव्या पायावर टेकली, हे त्याला त्या आवाजावरून कळते.